दोन डायच्या मधले पांढरे केस: पावडर, स्प्रे आणि स्टिकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात पार्लर चालवते. डाय करून तीन आठवडे झाले की बायकांचे फोन सुरू होतात, आणि लग्नसराईत तर रोजच. त्यांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत सांगितलेलं सगळं आपल्या मे महिन्यात चालत नाही, म्हणून घामाबद्दल जरा जास्तच लिहिलंय.

हे लावलं म्हणजे केस डाय झाले का?

नाही. डाय केसाच्या आत शिरतो आणि तिथेच रंग तयार होतो. या तिन्ही वस्तू केसावर नुसत्या बसतात आणि शाम्पूने निघून जातात. रंग बहुतेक वेळा लोहाच्या ऑक्साइडचा असतो, म्हणजे फाउंडेशनमध्ये असतो तोच प्रकार. डबीवर मागे बारीक अक्षरात सीआय ७७४९९ दिसला तर तो काळा, ७७४९१ तांबडा आणि ७७४९२ पिवळा. हेच तीन कमीजास्त मिसळून तपकिरीच्या सगळ्या छटा करतात.

फरक असतो तो हा रंग केसाला धरून ठेवणाऱ्या गोष्टीचा. पावडरमध्ये धरून ठेवणारं फारसं काही नसतं. ती केसाच्या खरखरीत पृष्ठभागावर आणि थोड्याशा तेलकटपणावर टिकते. स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, ते उडून गेलं की पातळ प्लास्टिकसारखा थर मागे राहतो आणि रंग त्यात अडकतो. स्टिकमध्ये मेण आणि तेल असतं, लिपस्टिकसारखं. कोणती वस्तू कधी दगा देईल हे यावरूनच कळतं. पावडर पुसली की जाते, स्टिक उन्हात वितळते, आणि स्प्रे तेलावर धरत नाही.

दुकानात ‘रूट टच-अप’ मागितलं तर वेगळंच काहीतरी दिलं. ते काय?

खोक्यात दोन ट्यूब किंवा दोन बाटल्या असतील आणि ‘मिसळून दहा मिनिटं ठेवा’ असं लिहिलं असेल, तर तो चक्क कायमचा डाय आहे, फक्त मुळांपुरता. नाव तेच असल्यामुळे नवी पेठेतल्या गर्दीत घाईघाईत तोच उचलला जातो. ज्यांना डायची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी हे खास बघून घ्यावं. मिसळायला लागतं तो डाय, आणि उघडून थेट लावता येतं ते झाकण्याचं सामान, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दोन आठवड्यांतच भांगात एवढं पांढरं कसं दिसतं? डाय कच्चा होता का?

बहुतेक वेळा डाय पक्काच असतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे तीन आठवड्यांत पाऊण ते एक सेंटिमीटर. पण भांगात केस दोन्ही बाजूंनी वाढतात. डावीकडचा पाऊण सेंटिमीटर आणि उजवीकडचा पाऊण मिळून आरशात दीड सेंटिमीटरचा पांढरा पट्टा दिसतो. कानशिलावर पट्टा एकाच बाजूचा, पण तिथे पांढरे केस दाट असतात आणि चेहऱ्याशेजारीच असल्यामुळे नजर आधी तिथे जाते.

यातून एक फुकटचा उपाय निघतो. सरळ भांग सोडून नागमोडी पाडा, किंवा बोटभर बाजूला सरकवा. पट्ट्याची सरळ रेघ मोडली की निम्मं काम होतं आणि उरलेल्याला रंगही कमी लागतो.

मग पावडर घेऊ, स्प्रे घेऊ की स्टिक?

मी जागा बघून सांगते. भांगाच्या लांब पट्ट्याला स्प्रे, कपाळालगतच्या आणि कानशिलाच्या बारीक केसांना पावडर, आणि वर उभे राहणाऱ्या चार-पाच चुकार केसांना स्टिक.

कारण असं की स्प्रे पसरतो. कानशिलावर मारला तर केसांपेक्षा कातडीच जास्त काळी होते आणि माणूस टोपी घातल्यासारखा दिसतो. पावडर ब्रशने हवी तिथेच दाबता येते. शिवाय ती टाळूच्या गोऱ्या कातडीवरही थोडी बसते, त्यामुळे भांग अरुंद आणि केस दाट दिसतात. विरळ भांग असलेल्यांना म्हणूनच पावडर जास्त आवडते. स्टिकने मोठी जागा भरायला जाऊ नका. केस चिकटून त्यांच्या बटा होतात आणि मधून टाळू दिसायला लागते.

एकच घ्यायचं असेल तर पावडर घ्या. ती पर्समध्ये सांडत नाही, उन्हात फुटत नाही आणि चुकली तर झटकता येते.

छटा कोणती घ्यायची? डायच्या खोक्यावर ‘नॅचरल ब्लॅक’ आहे.

खोकं बाजूला ठेवा आणि केस बघा. तीन आठवडे धुतलेला, उन्हात फिरलेला डाय खोक्यावरच्या रंगाचा राहत नाही. खिडकीशी उभ्या राहून, पट्ट्याला लागून असलेला रंगवलेला केस जिथे सुरू होतो तिथली छटा जुळवा. टोकाची नको.

दोन छटांमध्ये अडलात तर एक पायरी फिकी घ्या. लोहाचा काळा रंग चमकत नाही, मुका दिसतो. चमकदार डायच्या केसांमध्ये मुका काळा पट्टा ट्यूबलाइटखाली पांढऱ्यापेक्षाही पटकन नजरेत भरतो. गडद तपकिरी मात्र सावलीसारखी मिसळून जाते. आधी मेंदी आणि वर डाय असं ज्यांचं वर्षानुवर्षं चाललंय, त्यांच्या केसांत तांबूस झाक असते. त्यांनी काळा घेऊच नये.

भर मे महिन्यात लग्न आहे. सकाळी लावलेलं दुपारपर्यंत टिकेल का?

नीट लावलं तर टिकेल. एक उदाहरण सविस्तर सांगते, म्हणजे क्रम कळेल.

एक शिक्षिका बाई, पन्नाशीच्या आतबाहेर. भाचीचं लग्न होटगी रोडच्या कार्यालयात, मुहूर्त दुपारी साडेबाराचा, पारा बेचाळीसच्या वर. डाय करून तीन आठवडे झालेले, आणि हळदीच्या आदल्या आठवड्यात पुन्हा डाय नको म्हणत होत्या, कारण एवढ्या लवकर लावला की टाळू चुरचुरते. भांगात दीड सेंटिमीटरचा पट्टा, दोन्ही कानशिलांवर बोटभर पांढरं.

आदल्या रात्री त्यांनी शाम्पू केला आणि तेल लावलं नाही. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लग्नाच्या दिवशी सकाळी डोक्याला तेल चोपडून आलेल्या केसांवर स्प्रेचा थर धरतच नाही आणि पावडरचे गोळे होतात. कंडिशनरही फक्त टोकांना.

सकाळी केस पूर्ण कोरडे असताना आधी अंबाडा घातला, म्हणजे नेमकं किती पांढरं बाहेर दिसतंय ते कळलं. अंबाडा घातल्यावर बराचसा पट्टा झाकला जातो, आधी रंगवलं तर उगाच दुप्पट खर्च होतो. अंगात जुना गाऊन. साडी आणि फाउंडेशन दोन्ही नंतर.

कॅन दहा-पंधरा सेकंद हलवला. पहिला फवारा टिश्यूवर मारला, कारण तो कधीकधी थेंबासारखा ओला येतो. मग कपाळाच्या कडेला लग्नपत्रिकेचा जाड कागद आडवा धरून, दहा ते पंधरा सेंटिमीटर लांबून, हात सरकता ठेवून छोटे छोटे फवारे. एकाच जागी बोट दाबून धरायचं नाही. पहिला थर दिला की पांढरं अजून थोडं दिसतं, आणि तेव्हाच बायका घाबरून आणखी मारतात. एक मिनिट थांबलो, तो वाळला, मग जिथे खरंच गरज होती तिथेच दुसरा हात दिला.

कानशिलाला पावडर. ब्रश पावडरमध्ये टेकवला, डबीच्या कडेवर आपटून जास्तीची झाडली आणि केसांच्या मुळाशी दाबत दाबत टोकाकडे नेला. घासायचं नाही, दाबायचं. घासलं की पावडर गालावर येते. कपाळावर उडालेलं ओल्या कापसाने पुसून मगच मेकअप केला.

गजरा बघून घेतला. फुलवाल्या गजऱ्यावर सारखं पाणी शिंपडत असतात, आणि तो थेट डोक्यावर माळला तर पाणी ओघळून भांगाची काळी धार मानेवर येते. झटकून, टिश्यूत दाबून, अंबाड्याच्या खालच्या बाजूला माळला.

अक्षता पडेपर्यंत भांग जसाच्या तसा होता. कानशिलावर जेवणाच्या पंगतीपर्यंत थोडं पांढरं डोकावलं. पर्समध्ये पावडरची डबी होती. घाम टिपून, वारा घेऊन, कोरडं झाल्यावर दोनदा ब्रश टेकवला. ओल्या केसांवर टेकवला असता तर चिखल झाला असता.

घाम कसा पुसायचा?

टिपायचा. रुमाल केसांच्या रेषेखाली कपाळावर दाबून धरा आणि उचला. खालून वर पुसत नेलात की रुमालही काळा आणि कपाळही. रंग कुठे सुटायला लागलाय हे बघायचं असेल तर कानासमोरच्या केसांवर पांढरा टिश्यू हलकेच टेकवा. घाम तिथे आधी साचतो. टिश्यूवर फिकट धूळ आली तर काळजी नाही. ओला डाग आला तर थर विरघळतोय असं समजा आणि तिथे हात लावू नका.

‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय. तरी उतरतं कसं?

त्या शब्दाचा अर्थ साधारणपणे चार थेंब पावसाला आणि हलक्या घामाला टिकेल असा घ्यावा. घामात मीठ असतं, कातडीचं तेल असतं, आणि आपण वरून हात फिरवतो. तेल आणि घासणं एकत्र आलं की कुठलाही थर सुटतो. हेल्मेट हे तर घासण्याचं यंत्रच. दुचाकीवर ऑफिसला जाणाऱ्यांनी घरी लावून निघण्यापेक्षा पोचल्यावर पावडर लावावी.

स्प्रे मारल्यावर केस कडक आणि करडे दिसतात. काय चुकलं?

कॅन फार जवळ होता. जवळून मारलं की अल्कोहोल उडायच्या आत थेंब केसावर साचतात, केस एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर पापुद्रा धरतो. यावर आणखी स्प्रे मारणं हा उपाय नव्हे. पूर्ण वाळू द्या, मग कोरड्या जुन्या टूथब्रशने मुळापासून वर हलकेच विंचरा. बटा मोकळ्या होतात, जास्तीचा रंग धुळीसारखा गळतो. खाली पेपर धरायला विसरू नका.

स्प्रे, पावडर, स्टिक एकावर एक लावलं तर जास्त टिकेल?

एकच जोडी खरी उपयोगाची आहे: खाली स्टिकचा अगदी पातळ हात आणि वर पावडर. पावडर मेणाला धरते आणि मेणाची चमकही घालवते. उलटं केलंत तर स्टिक पावडर खरवडून काढते. पावडरवर स्प्रे मारला तर फवाऱ्याच्या जोराने पावडर कपाळावर उडते. पावडर पक्की करायची असेल तर साधा हेअर स्प्रे हातभर लांबून, एकदाच.

गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजासोबत चालायचं असतं, अंगात पांढरी बाराबंदी. पुरुषांनी काय लावावं?

हा प्रश्न दर संक्रांतीला येतो, आणि विचारणारी बहुधा बायको असते. पुरुषांचे कानशिलावरचे केस इतके आखूड असतात की सगळा केस म्हणजे मूळच. तिथे स्प्रे मारला तर कातडी रंगते आणि कॉलरवर उतरतो. जानेवारीत ऊन मवाळ असलं तरी गर्दीत तासन्‌तास चालताना घाम येतोच, आणि पांढऱ्या कपड्यावर काळा ओघळ लांबून दिसतो.

अशा दिवसासाठी माझं सरळ मत आहे: झाकाझाकी नको. चार-पाच दिवस आधी डाय करून घ्या, नाहीतर पांढरे तसेच राहू द्या. बाराबंदीला ते शोभतातही. मिशीतले दोन-तीन पांढरे केस मात्र मस्कारासारख्या ब्रशच्या टच-अपने छान झाकतात. ब्रश बाटलीच्या तोंडाशी पुसून घ्या, म्हणजे ओठावर उतरणार नाही.

काजळ किंवा मस्कारा चालेल का? घरात आहेच.

मस्कारा चालतो, चार-सहा केसांपुरता. तो केसासाठीच केलेला असतो आणि वाळतो. काजळ वाळत नाही. तासाभरात कपाळावर उतरतं आणि उशीच्या अभ्र्याचे डाग निघत नाहीत. कॉफी पावडरचा लेप वगैरे जे फिरतं त्याने पांढऱ्यावर फिकट पिवळट झाक येते, एवढंच.

मला डायने चेहरा सुजला होता. हे सुरक्षित आहे का?

डायची अ‍ॅलर्जी बहुधा पॅराफेनिलीनडायअमाइन म्हणजे पीपीडी या घटकाची असते. काळ्या मेंदीच्या पाकिटातही तो बऱ्याचदा असतो. लावल्यावर काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत केसांच्या रेषेला, कानामागे, पापण्यांना खाज आणि सूज येते. लोहाच्या रंगाच्या पावडर-स्टिकमध्ये पीपीडी लागत नाही, म्हणून अशांना या वस्तू डायपेक्षा सोयीच्या पडतात. तरीही डबीवरची यादी वाचा, कारण सगळेच कारखाने सारखे नाहीत, आणि सुगंध किंवा टिकवण्यासाठी घातलेल्या द्रव्याचीही अ‍ॅलर्जी असू शकते. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून ४८ तास बघा. आधी सूज, श्वासाला त्रास असं झालं असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना डबी दाखवूनच सुरुवात करा.

दमा असलेल्यांनी स्प्रे टाळावा. बाकीच्यांनीही खिडकी उघडी ठेवून, डोळे मिटून, श्वास रोखून मारावा. आणि देवघराजवळ नको! कॅनमधला गॅस ज्वालाग्राही असतो. समई किंवा उदबत्ती जवळ असताना फवारा मारू नका.

गाडीत एक कॅन ठेवला तर बरं नाही का?

अजिबात ठेवू नका. कॅनवरच लिहिलेलं असतं की ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नये, आणि आपल्याकडे उन्हात उभी केलेली बंद गाडी आतून ते सहज ओलांडते. कॅन फुटू शकतो. स्टिक फुटणार नाही, पण वितळून टोपणात थापली जाईल. तसं झालंच तर टोपण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. ती घट्ट होते, पण वर तेलाचे थेंब जमलेले दिसले तर पहिला थर टिश्यूने काढून टाका.

रात्री तसंच झोपलं तर?

केसाला काही होत नाही, चादरीला होतं. पांढऱ्या उशीवर सकाळी करडा ठसा उमटतो. शिवाय दुसऱ्या दिवशी त्यावरच पुन्हा लावलं की थरावर थर चढतो, टाळू खाजते आणि कोंड्यासारखे काळपट कण गळतात. रोज नको, पण लावल्याच्या रात्री धुवा. स्टिक लावली असेल तर आधी तिथे खोबरेल तेल चोळा, मेण सुटतं, मग शाम्पू. स्प्रेला दोनदा शाम्पू लागतो. पहिला फेस करडा येतो. दुसरा पांढरा आला की निघालं. बोअरच्या जड पाण्यात फेस कमी होतो, तेव्हा शाम्पू वाढवण्यापेक्षा शेवटचा तांब्या चांगल्या पाण्याचा घ्या. टॉवेल जुना, गडद रंगाचा वापरा.

पुढचा डाय करायला येताना लावून आलं तर चालेल?

नको. स्प्रेचा थर आणि स्टिकचं मेण असलं की डाय पांढऱ्या केसापर्यंत नीट पोचत नाही आणि मुळाशी ठिपके राहतात. नेमकी ज्या जागेसाठी डाय करतोय तीच कच्ची राहते. आदल्या दिवशी धुऊन, तेल न लावता या.

डाय किती दिवस लांबवता येईल?

भांगाच्या एका बाजूचा पट्टा दोन सेंटिमीटरच्या आत आहे तोवर. त्यापुढे भांगाच्या दोन्ही बाजू मिळून चार सेंटिमीटर रंगवायचे होतात, इतकं सामान लावलं की केस धुळकट दिसतात आणि वाऱ्याची झुळूक आली की खालचं पांढरं उघडं पडतं. वाढीच्या हिशेबाने हे सातव्या-आठव्या आठवड्याला येतं. ज्या बाई दर तीन आठवड्यांनी डाय करत होत्या त्यांना यामुळे पाच-सहा आठवड्यांवर जाता येतं, आणि तेव्हाही फक्त मुळांनाच डाय लावायचा, टोकांपर्यंत नाही.

साडीवर पडलं तर?

ओला हात लावू नका. पावडर असेल तर पदर उलटा धरून मागून टिचकी मारा, उरलेलं चिकटपट्टी हलके टेकवून उचला. सुती कापडावर स्प्रेचा डाग सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने, खाली टिश्यू ठेवून, टिपून बराच फिका होतो. रेशमी साडीवर हा प्रयोग करू नका, रंग जाईल. ती तशीच ड्रायक्लीनरकडे न्या आणि डाग कशाचा आहे ते त्यांना सांगा. ‘मेकअपचा’ एवढं सांगून भागत नाही, स्प्रेचा की स्टिकचा यावर ते काय लावायचं ते ठरवतात.